मधला दुवा खरोखर मधला आहे काय? : वनहक्क, वनोपजाचे उत्पन्न व हंगामी स्थलांतर यांच्या संदर्भात मध्यस्थ चलाच्या परीक्षणाची चिकित्सा

प्रस्तावना :

सामाजिक शास्त्रांतील सर्वेक्षणावर आधारित शोधनिबंधांमध्ये गेल्या काही वर्षांत एक विशिष्ट प्रकारचे विधान वारंवार आढळते. दोन चलांमध्ये संबंध आहे असे प्रथम दाखविले जाते. नंतर तिसरे एक चल पुढे केले जाते आणि पहिल्या दोहोंतील संबंध या तिसऱ्याच्या द्वारे घडतो असा निष्कर्ष काढला जातो. या तिसऱ्या चलास मध्यस्थ चल असे म्हणतात. संगणकीय आज्ञावलींमुळे हे परीक्षण आता काही मिनिटांत होते. त्यामुळे निष्कर्षाच्या कोष्टकात आकडे अचूक असतात. परंतु ते आकडे ज्या विधानाच्या पुष्ट्यर्थ दिलेले असतात, ते विधान त्यांच्यातून निघतेच असे नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीची तपासणी चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील एका परिचित प्रश्नाच्या आधारे केली आहे.

तो प्रश्न असा. वनहक्क कायदा, २००६ अन्वये गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले आणि बांबू विकण्याचा अधिकार कागदावरून प्रत्यक्षात उतरला. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी बांबू व तेंदूपत्ता यांचा व्यवहार स्वतःकडे घेतला. दुसरीकडे, धानाची कापणी व मळणी आटोपली की या दोन्ही जिल्ह्यांतील मजूर मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात, हेही सर्वश्रुत आहे. ज्या गावांना हक्क मिळाले तेथील स्थलांतर कमी झाले, आणि ते वनोपजाचे उत्पन्न वाढल्यामुळे कमी झाले, असे म्हटले जाते. या वाक्यात दोन विधाने आहेत. पहिले संबंधाचे आहे. दुसरे, 'वाढल्यामुळे' या शब्दात दडलेले, मध्यस्थीचे आहे. पहिले सिद्ध झाल्याने दुसरे सिद्ध होत नाही.

आकडेमोडीचे स्वरूप :

परीक्षणाची रीत समजण्यासाठी एक काल्पनिक सर्वेक्षण घेणे सोयीचे होईल. पुढील सर्व आकडे केवळ उदाहरणादाखल रचलेले आहेत. समजा, तीस गावांतून प्रत्येकी दहा याप्रमाणे तीनशे कुटुंबांची माहिती गोळा केली. पंधरा गावांत ग्रामसभा स्वतः वनोपज विकते, पंधरा गावांत विकत नाही. हे स्वतंत्र चल. कुटुंबातील माणसे मिरचीच्या हंगामात जिल्ह्याबाहेर एकूण किती मनुष्यदिवस राहिली, हे परतंत्र चल. कुटुंबास बांबू व तेंदूपत्ता यांपासून वर्षभरात मिळालेले उत्पन्न, हजार रुपयांत, हे मध्यस्थ मानलेले चल.

प्रथम फक्त गावाचा प्रकार आणि बाहेर राहिलेले दिवस यांची तुलना करावयाची. हक्क न वापरणाऱ्या गावांत सरासरी पन्नास दिवस व वापरणाऱ्या गावांत तीस दिवस आढळले, तर एकूण परिणाम उणे वीस दिवस होय. दुसऱ्या पायरीवर गावाच्या प्रकारानुसार उत्पन्नातील फरक पाहावयाचा. हक्क वापरणाऱ्या गावांत कुटुंबामागे आठ हजार रुपये अधिक मिळतात असे समजू. तिसऱ्या पायरीवर गावाचा प्रकार व उत्पन्न ही दोन्ही चले एकाच समाश्रयणात, म्हणजे ज्यास सामान्यतः रिग्रेशन म्हटले जाते त्यात, एकत्र घ्यावयाची. त्यातून दोन सहगुणक मिळतात. एकाच प्रकारच्या गावांतील दोन कुटुंबांमध्ये एक हजार रुपयांच्या फरकामागे दीड दिवस स्थलांतर कमी, हा पहिला. उत्पन्न सारखे असलेल्या दोन कुटुंबांमध्ये केवळ गावाच्या प्रकारामुळे उरणारा फरक आठ दिवसांचा, हा दुसरा.

आता आठ हजार रुपये गुणिले उणे दीड दिवस म्हणजे उणे बारा दिवस. हा उत्पन्नाच्या वाटेने जाणारा अप्रत्यक्ष परिणाम. उरलेले उणे आठ दिवस हा प्रत्यक्ष परिणाम. दोहोंची बेरीज उणे वीस, म्हणजे एकूण परिणामाइतकीच येते. ही बेरीज योगायोगाने जुळत नाही. परतंत्र चल संख्यात्मक असेल, साधे रेषीय समाश्रयण वापरले असेल आणि तिन्ही पायऱ्यांत तीच कुटुंबे घेतली असतील, तर ती जुळलीच पाहिजे. निबंध परीक्षणास आल्यास परीक्षकाने प्रथम हीच बेरीज करून पाहावी. ती जुळत नसेल तर बहुधा उत्पन्न न सांगणारी कुटुंबे तिसऱ्या पायरीवर गळालेली असतात, आणि पहिली व तिसरी पायरी वेगवेगळ्या लोकांविषयी बोलत असतात. स्थलांतर केले किंवा नाही अशा होय-नाही स्वरूपाच्या उत्तरावर लॉजिस्टिक समाश्रयण वापरल्यासही ही बेरीज जुळत नाही. तेथे तिचा आग्रह धरणे चुकीचे होईल.

ही पायऱ्यांची रीत मुख्यतः बॅरन व केनी यांच्या १९८६ मधील लेखामुळे रूढ झाली. मध्यस्थ चल घातल्यावर प्रत्यक्ष परिणाम सार्थ राहिला नाही तर पूर्ण मध्यस्थी आणि घटला तर आंशिक मध्यस्थी, ही शब्दावलीही त्याच लेखाच्या प्रभावाने सर्वत्र पसरली. या शब्दावलीचा मोह टाळणे इष्ट. वरील उदाहरणातील आठ दिवसांचा प्रत्यक्ष परिणाम तीनशे कुटुंबांत सार्थ ठरेल आणि साठ कुटुंबांत ठरणार नाही. नमुना लहान घेतल्याने मध्यस्थी 'पूर्ण' होत असेल, तर तो शब्द गावाविषयी काही सांगत नसून संशोधकाच्या प्रवासखर्चाविषयी सांगतो.

बारा दिवसांचा भरवसा :

अप्रत्यक्ष परिणाम हा दोन सहगुणकांचा गुणाकार असल्याने दोहोंतील अनिश्चितता त्यात उतरते. सोबेल यांनी १९८२ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार प्रत्येक सहगुणकाचा वर्ग दुसऱ्याच्या प्रमाण त्रुटीच्या वर्गाने गुणावयाचा, दोन्ही गुणाकारांची बेरीज करावयाची व तिचे वर्गमूळ काढावयाचे. उत्पन्नातील फरकाची प्रमाण त्रुटी दोन हजार रुपये आणि दीड दिवसाच्या सहगुणकाची प्रमाण त्रुटी अर्धा दिवस असल्यास ही बेरीज नऊ अधिक सोळा, म्हणजे पंचवीस येते व वर्गमूळ पाच. बारा भागिले पाच म्हणजे २.४. रूढ मर्यादा १.९६ ची असल्याने परिणाम सार्थ ठरतो. तथापि त्याचा विश्वासांतराल सुमारे दोन दिवसांपासून बावीस दिवसांपर्यंत पसरतो. 'स्थलांतरातील साठ टक्के घट उत्पन्नामुळे' असे वाक्य लिहिण्यापूर्वी हा पसारा ध्यानी घ्यावा.

गुणाकाराचे वितरण सममित नसते, म्हणून आता सोबेल कसोटीऐवजी बूटस्ट्रॅप पद्धती वापरली जाते. तीत हाती असलेल्या नमुन्यातूनच हजारो वेळा पुन्हा नमुने काढून प्रत्येक वेळी गुणाकार मोजतात. ही सुधारणा योग्यच आहे. परंतु येथे जो प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे, तो सोबेल की बूटस्ट्रॅप हा नसून पुन्हा काढावयाचे काय, कुटुंबे की गावे, हा आहे. हक्क कुटुंबाला मिळालेला नसतो. तो ग्रामसभेला मिळालेला असतो. एका गावातील दहा कुटुंबे त्याच जंगलात जातात, त्यांना तोच दर मिळतो, त्यांच्या दारी तोच मुकादम येतो. त्यांची उत्तरे एकमेकांसारखी येणारच. तीनशे कुटुंबे असली तरी हक्काच्या बाबतीत तुलना तीसच गावांची आहे.

याचा परिणाम मोजता येतो. एकाच गावातील कुटुंबांच्या उत्पन्नातील साधर्म्याचा गुणांक ०.३ धरला, तर गावपातळीवरील फरकाची विचरणशीलता एक अधिक नऊ गुणिले ०.३, म्हणजे ३.७ पटीने वाढते. दोन हजारांची प्रमाण त्रुटी त्यामुळे सुमारे तीन हजार आठशे पन्नास होते. दुसरी प्रमाण त्रुटी तशीच ठेवून सोबेलचे सूत्र पुन्हा लावल्यास पाचाच्या जागी सुमारे सात येतात आणि बारा भागिले सात म्हणजे १.७. परिणाम सार्थ राहत नाही. कुटुंबे तीच, उत्तरे तीच; केवळ गाव हे एकक मान्य केल्याने निष्कर्ष उलटला. प्रचलित आज्ञावलीत गावाची ओळख न दिल्यास ती प्रत्येक कुटुंब स्वतंत्र मानते आणि याची कोणतीही सूचना देत नाही.

आधी काय, नंतर काय :

अनिश्चितता मोठी असणे हा दोष गावे वाढवून दूर होऊ शकतो. दिशेचा दोष तसा दूर होत नाही. बांबू कटाई पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात व उन्हाळ्यात चालते. मिरची तोडण्याचा हंगामही जानेवारीपासूनचाच. म्हणजे जो मजूर तेलंगणात गेला, तो त्या दिवसांत गावच्या बांबू कटाईला नव्हता. वर्षअखेरीस त्याला 'गेल्या वर्षी वनोपजापासून किती मिळाले' असे विचारले, तर तो कमी रक्कम सांगेल. उत्पन्न कमी म्हणून तो गेला, की तो गेला म्हणून उत्पन्न कमी? सर्वेक्षणाच्या कोष्टकात दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात.

येथे एक गणिती वस्तुस्थिती सांगितली पाहिजे, कारण ती पुरेशी परिचित नाही. वरील उदाहरणात दीड दिवसाच्या सहगुणकाची टी-किंमत उणे तीन आहे. आता जागा बदलून स्थलांतराचे दिवस मध्यस्थ मानले आणि उत्पन्न परतंत्र मानले, तर गावाचा प्रकार स्थिर ठेवून दिवस व उत्पन्न यांच्यातील सहगुणकाची टी-किंमत पुन्हा नेमकी उणे तीनच येते. दोन्ही सहगुणक त्याच एका आंशिक सहसंबंधावर उभे असल्याने ते तसेच येणार. 'हक्कांमुळे स्थलांतर घटले व स्थलांतर घटल्याने उत्पन्न वाढले' ही उलटी मध्यस्थीही त्याच कसोटीला उतरू शकते. मूळ मांडणी सार्थ आली म्हणून ती खरी, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. सार्थता ही दिशेची साक्ष देत नाही. दिशा संशोधकाने आपल्या आकृतीत बाण काढून आधीच गृहीत धरलेली असते.

मात्र या दोन जिल्ह्यांत दिशा ओळखण्याची एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे, आणि ती सर्वेक्षणात सहसा वापरली जात नाही. तेंदूपत्त्याचे संकलन एप्रिलअखेर ते मे या काळात, जेमतेम काही आठवड्यांत आटोपते. ते पैसे त्यानंतर हाती येतात. म्हणून एखाद्या वर्षीच्या मे महिन्यातील तेंदूचे उत्पन्न हे पुढील जानेवारीतील स्थलांतराच्या निश्चितच आधीचे असते. त्या स्थलांतराने ते घटणे शक्य नाही. बांबूची मजुरी मात्र स्थलांतराच्या समकालीन असते. प्रश्नावलीत वनोपजाचे उत्पन्न असा एकच रकाना न ठेवता तेंदू व बांबू असे दोन रकाने महिन्यांसह ठेवले, तर समाश्रयणात त्यांचे सहगुणक वेगळे मिळतात. मागील मे महिन्यातील तेंदूचा एक हजार रुपयांमागील परिणाम बांबूच्या जवळपास असेल, तर उत्पन्न हा दुवा मानण्यास आधार मिळतो. बांबूचा सहगुणक मोठा आणि तेंदूचा शून्याच्या आसपास असेल, तर उलट दिशेचा संशय बळावतो. अर्थात मेमध्ये मिळालेले पैसे जानेवारीपर्यंत उरतातच असे नाही. बियाणे, लग्नकार्य, आजारपण यांत ते संपत असतील तर तेंदूचा परिणाम खरोखरच क्षीण असू शकेल. तरीही मे ते जानेवारी हा क्रम निश्चित आहे, आणि एकरकमी वार्षिक उत्पन्नापेक्षा तो कितीतरी अधिक बोलका आहे.

ग्रामसभा आधीची की नंतरची :

दिशा ठरली तरी सामाईक कारणाचा प्रश्न उरतो. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा २००९ च्या हक्कपत्राने जन्मास आली नाही. गावात आम्हीच सरकार ही तेथील घोषणा आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत या हक्कपत्राच्या कितीतरी आधीच्या आहेत. अशी संघटित ग्रामसभा हक्काचा दावा नीट दाखल करते, म्हणून हक्क लवकर मिळतो. तीच ग्रामसभा बांबूचा हिशेब चोख ठेवते, म्हणून कुटुंबांपर्यंत पैसा पोहोचतो. तीच ग्रामसभा हिवाळ्यात रोजगार हमीच्या कामाची मागणी वेळेवर नोंदविते, म्हणून लोक गावात थांबतात. आता हक्क, उत्पन्न व स्थलांतर या तिन्ही चलांत सुबक मध्यस्थी दिसेल. परंतु उत्पन्न स्थलांतराला रोखत नसून दोन्ही गोष्टी तिसऱ्याच एका मुळावर वाढलेल्या असतील.

येथे अनेक निबंधांत एक उत्तर दिले जाते की, गावे यादृच्छिक पद्धतीने निवडली असल्याने हा आक्षेप लागू नाही. हे उत्तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करते. सर्वेक्षणासाठी गावे यादृच्छिक निवडणे वेगळे आणि हक्क यादृच्छिक वाटणे वेगळे. त्याहून पुढे, हक्क सोडतीने वाटले असे क्षणभर मानले तरी पहिल्या व दुसऱ्या पायऱ्याच सुरक्षित होतील. एकाच गावातील कोणत्या कुटुंबाला अधिक उत्पन्न मिळाले, हे सोडतीने ठरलेले नसते. कामकरी हात जास्त असलेले कुटुंब अधिक पत्ता तोडते आणि अधिक माणसे बाहेरही पाठवू शकते. अशा वेळी उत्पन्नाचा खरा रोधक परिणाम झाकला जातो. मुकादमाची उचल घेऊन बसलेले कुटुंब उत्पन्न कितीही मिळाले तरी जाते. म्हणून तिसऱ्या पायरीवर कामकरी व्यक्तींची संख्या, उचल, पक्क्या रस्त्यापासूनचे अंतर, आणि ग्रामसभेच्या बैठका हक्कपत्राच्या किती वर्षे आधीपासून नियमित आहेत, ही माहिती घालणे अटळ आहे. मात्र हक्क मिळाल्यानंतरच्या बैठकांची संख्या तेथे घालू नये. ती हक्काचाच परिणाम असू शकते. ती स्थिर धरल्यास ज्या परिणामाचा शोध घ्यावयाचा त्याचाच एक भाग कापला जातो.

उत्पन्न आठवणीतून सांगितले जाते, याचाही परिणाम दुर्लक्षणीय नाही. चुकीच्या आठवणीमुळे मध्यस्थ चलाचा सहगुणक शून्याकडे ओढला जातो आणि प्रत्यक्ष परिणाम फुगतो. गावांतर्गत उत्पन्नातील फरकांपैकी सत्तर टक्केच खरा असेल, तर दीड दिवसाच्या मागे खरा सहगुणक सुमारे २.१ दिवसांचा असू शकेल. अप्रत्यक्ष परिणाम बारावरून सुमारे सतरा दिवसांवर जाईल. 'हक्कांचा परिणाम प्रामुख्याने उत्पन्नाखेरीज अन्य मार्गांनी होतो' असे विधान अनेकदा केवळ कच्च्या आठवणीचे फलित असते. ग्रामसभेच्या वाटप नोंदवहीशी ताळा घेणे हा यावरील साधा उपाय होय.

याच जिल्ह्यातील एक वेगळा पुरावा :

परिणाम कोणत्या वाटेने घडला, हा प्रश्न अधिक चांगल्या रीतीने हाताळल्याचे उदाहरण गडचिरोलीतच उपलब्ध आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या संदर्भात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. येथेही गावे सोडतीने वाटलेली नव्हती, त्यामुळे वरील आक्षेपांतून हा प्रयोग सर्वस्वी मुक्त नाही. पण त्यातील मधल्या दुव्याचा पुरावा पाहण्यासारखा आहे. प्रशिक्षित ग्राम आरोग्यसेविका जन्मापासून ठरावीक दिवशी घरी जाऊन प्रत्येक बाळाची नोंद करीत. जंतुसंसर्गावरील उपचार सुरू होण्यापूर्वी अशा आजारी बाळांपैकी १६.६ टक्के दगावत. सेविकांनी उपचार सुरू केल्यावर हे प्रमाण २.८ टक्के झाले. हस्तक्षेप आधी, आजार व उपचार मध्ये, मृत्यू किंवा जीवित शेवटी, हा क्रम दिनांकासह नोंदलेला आहे. तो समाश्रयणातून काढलेला नाही.

दहा वर्षांच्या माहितीवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मृत्युदरातील घटीची वाटणीही केलेली आहे. जंतुसंसर्गाच्या उपचारास ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांच्या काळजीस ३४ टक्के, श्वासावरोधाच्या उपचारास १९ टक्के आणि उर्वरित अन्य बाबींस, असे तिचे स्वरूप आहे. या वाटणीसही सावधपणेच वाचले पाहिजे. एकाच बाळाचे वजन कमी असते व त्यालाच जंतुसंसर्गही होतो. त्याच प्रकल्पाच्या अन्य लेखांत मृत्यूंमागे एकाहून अधिक विकार एकत्र असल्याचे दाखविले आहे. अशा बाळाचा वाचलेला जीव कोणत्या रकान्यात मांडावयाचा, हा निर्णय गणिताचा नसून विश्लेषकाचा असतो, आणि वाटेची टक्केवारी त्या निर्णयानुसार बदलते.

वनहक्क व स्थलांतर यांच्या सर्वेक्षणात इतकी काटेकोर नोंद एका प्राध्यापकाला दोन सत्रांच्या अवकाशात करता येणार नाही. परंतु त्याच तीस गावांत दोनदा जाणे शक्य आहे : एकदा जूनमध्ये, तेंदूचा हिशेब ताजा असताना, आणि पुन्हा पुढील मेच्या प्रारंभी, मिरचीवरून माणसे परतल्यावर. दुसऱ्या भेटीत उत्पन्न विचारण्याची गरज नाही; कोण गेले, केव्हा गेले, किती दिवस राहिले आणि जाण्यापूर्वी उचल घेतली होती काय, एवढे पुरे.